सोडा एकटा, पावडर जोडीने

आईच्या फडताळात चहा मसाल्याच्या दोन जुन्या बाटल्या होत्या. एकीवर तिने निळ्या शाईने ‘सोडा’ असे लिहून ठेवले होते. दुसरीवरचा कागद कधीतरी ओल्या हाताने निघून गेला होता आणि आत पांढरी भुकटी होती. मी कॉलेजात असताना कुकरमध्ये पहिला केक केला तो या दोन बाटल्यांच्या भरवशावर. कुकरच्या तळाशी वाळू, झाकणाची रिंग आणि शिटी काढलेली, असा सगळा थाट. कृती बिनअंड्याच्या दह्याच्या केकची, आजही घरोघर चालते तीच: दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, अर्धा चमचा खायचा सोडा आणि सव्वा चमचा बेकिंग पावडर.

बिनलेबलची बाटली नक्की कशाची, हे आईलाही आठवेना. मी विचार केला, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही ‘बेकिंग’, दोन्हींनी केक फुगतो, मग फरक तो काय असणार? अर्धा चमचा आणि सव्वा चमचा मिळून पावणेदोन चमचे सोडाच घातला. केक कुकरमध्ये असा काही फुगला की भांड्याच्या काठाबाहेर आला. मग मधोमध खचला. बाहेर काढला तेव्हा खजुराच्या रंगाचा होता. मावशीने एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ चावला आणि म्हणाली, “अगं, केक केलायस की कपडे भिजवलेयस?”

मावशीला रसायनशास्त्र येत नव्हते. पण तिचे वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ तंतोतंत बरोबर होते. ते कसे, हे कळले की सोडा आणि पावडर यांचा सगळा घोळ सुटतो.

खायचा सोडा म्हणजे बेकिंग सोडा. दुकानात दोन नावे, वस्तू एकच: सोडियम बायकार्बोनेट. त्यात दुसरे काहीही नसते. हा सोडा सौम्य अल्कधर्मी असतो, म्हणजे आंबटाच्या उलट स्वभावाचा. त्याच्या पोटात कार्बन डायऑक्साइड वायू बांधलेला असतो आणि तो बाहेर काढण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आंबटाचा. दही, ताक, लिंबू, व्हिनेगर, चिंच, यांतले काहीही ओले आंबट सोड्याला भेटले की लगेच फसफस होते. सोड्यातला सगळा वायू सुटतो आणि मागे उरते थोडे पाणी आणि एक निरुपद्रवी, किंचित खारट क्षार. एका छोट्या चमच्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम सोडा असा पुरता खर्ची पडला, तर साध्या खोलीच्या तापमानाला पाऊण लीटरच्या आसपास वायू निघतो. दीड कप मैद्याच्या केकला एवढा वायू म्हणजे चंगळ आहे.

दुसरा मार्ग आचेचा. आंबट नसले तरी सोडा तापला की आपोआप फुटतो. पण या मार्गाने तो निम्माच वायू सोडतो. उरलेला निम्मा त्याच्याकडेच अडकून राहतो आणि मागे जो पदार्थ शिल्लक राहतो त्याचे नाव सोडियम कार्बोनेट. हाच आपला धुण्याचा सोडा.

आता माझ्या केकचा हिशोब मांडू. एक कप आंबटसर दह्यात जेवढे आम्ल असते ते साधारण अर्धा चमचा सोडा जिरवते. मूळ कृतीत सोडा अर्धाच चमचा आहे, तो यासाठी. कृती लिहिणाऱ्याने हे मोजून केले की अनुभवाने, ठाऊक नाही, पण जमलेले पक्के आहे. मी घातला होता पावणेदोन चमचे. त्यातल्या अर्ध्याची सोय दह्याने लावली. उरलेला सव्वा चमचा, म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास सोडा, केकमध्ये बेवारस फिरत राहिला. त्यातला बराचसा आचेने फुटला. तो सगळा फुटला असे धरले तर मागे पावणेचार ग्रॅम धुण्याचा सोडा राहतो. मावशीच्या तोंडात गेला तो हा. साबणासारखी चव, जिभेवर बुळबुळीत वाटणारा कडवटपणा, ही बेवारस सोड्याची खूण आहे.

गडद रंगसुद्धा त्याचाच. पीठ अल्कधर्मी झाले की साखर आणि प्रथिने एकमेकांशी जास्त वेगाने मिसळून तपकिरी होतात. नानकटाईत चिमूटभर सोडा घातला की तिला बदामी रंग येतो, ती थोडी पसरते आणि वर छान भेगा पडतात. तिथे हाच गुण उपयोगी पडतो. केकमध्ये त्याच गुणाचा अतिरेक झाला.

भज्यांचेही असेच. डाळीच्या पिठात हळद, तिखट, मीठ, पाणी, म्हणजे आंबट काहीच नाही. तरी आपण सोडा घालतो, कारण कढईतले तेल पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापलेले असते आणि सोडा नुसत्या आचेवर फुटतो. चिमूटभर सोड्याने भजी हलकी होतात. चिमटीचा अर्धा चमचा झाला की भजी जाळीदार होतात, तेल पितात आणि कापलीत तर आत लालसर दिसतात. ज्यांना कडकडीत तेलाच्या मोहनावर भागवता येते ते सोड्याच्या वाटेला जातच नाहीत, आणि माझ्या मते त्यांचीच भजी चांगली होतात.

तो लालसरपणा हळदीचा. हळद आंबटात पिवळी राहते आणि अल्कात लाल होते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तेच कारण. खमण ढोकळ्यावर कधी कधी लाल ठिपके दिसतात आणि लोकांना वाटते काहीतरी खराब झाले. खराब काही नसते. सोड्याचा खडा नीट विरघळला नाही, तो जिथे बसला तिथली हळद लाल झाली, एवढेच. हळदीमुळे स्वयंपाकघरात आपल्याला आयताच एक मोजमाप करणारा कागद मिळाला आहे. ठिपके दिसले तर सोडा चाळून घ्यायचा राहिला आणि सगळाच ढोकळा केशरी झाला तर सोडा जास्त किंवा लिंबू कमी पडले. एका रसाळ कागदी लिंबाचा रस साधारण पाव चमचा सोड्याला पुरतो, हे लक्षात ठेवले की बरेच काम होते.

आता पावडर. बेकिंग पावडर म्हणजे वेगळे रसायन नाही. तिच्यातही वायू देणारा तोच खायचा सोडा असतो, फक्त तो एकटा नसतो. त्याच्या सोबत कोरड्या भुकटीच्या रूपात एखादे आम्ल असते आणि दोघांच्या मध्ये पाणी शोषून घेणारा मक्याचा स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोअर. कोरडे असेपर्यंत सोडा आणि आम्ल शेजारी असूनही भांडत नाहीत. ओले झाले की फसफस सुरू. डब्याच्या मागे घटक वाचून पाहा. सोडा कधी नावाने लिहिलेला असतो, कधी ५०० या क्रमांकाने. आम्लाच्या जागी ३४१ किंवा ४५० असे क्रमांक दिसले तर ती फॉस्फेटची आम्ले आहेत.

म्हणून दोघांची अदलाबदल चालत नाही. पावडरमध्ये सोडा पाव ते एक तृतीयांशच असतो, बाकी जागा आम्ल आणि स्टार्च यांनी घेतलेली. त्यामुळे पावडर सोड्याच्या मानाने तिप्पट-चौपट सौम्य. कृतीतला एक चमचा पावडर म्हणजे जेमतेम पाव चमचा सोडा, तोही आपले आंबट बरोबर घेऊन आलेला. मैद्याच्या एका कपाला एक चमचा पावडर किंवा पाव चमचा सोडा हे प्रमाण यावरूनच आले आहे.

सोड्याला आंबटाची सोबत लावून द्यायची ही कल्पना १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने प्रत्यक्षात आणली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हते, तिला पाव खाता यावा म्हणून. तिला अंडीही सोसत नव्हती, म्हणून त्याने आधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली होती. आपल्याकडे पाहुण्यांसमोर येणाऱ्या फ्रूट कस्टर्डचे कूळ त्या बाईंच्या पथ्यात आहे. बर्डच्या पावडरची अडचण अशी होती की ती ओली होताच सगळा वायू सोडून द्यायची. पीठ कालवून शेजारणीशी दोन शब्द बोललात की अर्धा केक गेलाच. पुढे अमेरिकेत एबेन हॉर्सफोर्ड या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८५६ साली कॅल्शियमच्या फॉस्फेट आम्लाचे पेटंट घेतले आणि फॉस्फेटच्या पावडरींचा रस्ता खुला झाला.

आज बऱ्याच पावडरींमध्ये एकाऐवजी दोन आम्ले असतात. पहिले थंड पिठातही ओले झाल्याबरोबर कामाला लागते. दुसरे मात्र पिठात नुसते पडून राहते, भांडे तापले की मगच जागे होते. अशा पावडरीला दुहेरी म्हणतात. पीठ कालवताना एकदा आणि भट्टीत एकदा, असे दोन हप्ते मिळतात. त्यामुळे कालवलेले पीठ दहा-पंधरा मिनिटे थांबले तरी फारसे बिघडत नाही. सोडा आणि दह्याच्या पिठात ही सवलत नाही. ढोकळ्याचे पाणी आधी उकळत ठेवतात, ताटाला तेल लावून ठेवतात आणि सोडा शेवटच्या मिनिटाला घालून, एकाच दिशेने ढवळून लगेच ताट आत सरकवतात, ते याच घाईपोटी.

ढोकळ्यात हल्ली सोड्याऐवजी इनो घालतात. त्याच्या पुडीवर स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्ल असे छापलेले असते. स्वर्जिक्षार हे सोड्याचे जुने नाव आणि निंबुकाम्ल म्हणजे लिंबातले सायट्रिक आम्ल. थोडक्यात तीही एक पावडरच, पण एकेरी आणि भलतीच उतावळी. पुडी घातल्यावर पीठ डोळ्यांदेखत दुप्पट होते, म्हणून ती लोकांना आवडते. त्याच वेळी ताट वाफेवर गेले नाही तर तो सगळा जोर हवेत जातो.

आता फुगणे म्हणजे नेमके काय, ते पाहू. इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. आपल्याला वाटते सोडा पिठात बुडबुडे तयार करतो. खरे म्हणजे नवा बुडबुडा दाट पिठात आपसूक तयार होणे फार अवघड असते. सुरुवातीचे बुडबुडे आपण हाताने घालतो. साखर आणि तेल किंवा लोणी फेटताना, पीठ ढवळताना हवेचे अगणित बारीक थेंब आत अडकतात. सोड्यातून सुटलेला वायू आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि मग या तयार बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठे करतो. म्हणून न फेटलेल्या पिठात कितीही पावडर घाला, केकला मोजकी, मोठी, ओबडधोबड भोके पडतात. मऊ, बारीक जाळी पडत नाही.

भांडे तापू लागले की तीन गोष्टी एकदम होतात. सुटलेला वायू उष्णतेने आणखी पसरतो, पाण्याची वाफ होऊन तीही बुडबुड्यांत शिरते आणि पावडरमधले झोपलेले आम्ल जागे होऊन नवा वायू देते. बुडबुडे फुगत जातात, त्यांच्या भिंती पातळ होत जातात. या भिंती अजून ओल्याच आहेत. त्यांना घट्ट करणारी गोष्ट निराळी आहे. मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि खिरीसारखा आळतो, अंडे असेल तर ते शिजून घट्ट होते. साखर असलेल्या पिठात हे साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान घडते. बुडबुडे पुरते फुगावेत आणि नेमक्या त्याच वेळी भिंती आळाव्यात, असा तो मेळ असतो.

माझ्या केकचा मेळ चुकला होता. वायू इतका झाला की शेजारशेजारचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे झाले. मोठा बुडबुडा हलका, तो वर आला आणि फुटला. भिंती आळण्याआधीच वायू निघून गेला आणि उरलेले पीठ आपल्याच वजनाने मध्ये बसले. खोलगट केक पाहून आपण बहुतेक वेळा म्हणतो की पावडर कमी पडली, आणि पुढच्या वेळी अर्धा चमचा जास्त घालतो. ते अगदी उलट आहे. कमी पडलेल्या पावडरीचा केक खचत नाही, तो मुळात वरच येत नाही. सपाट राहतो, तळाशी लापशीसारखा चिकट थर धरतो. वर येऊन मग मध्ये खचला असेल तर आधी पावडर कमी करून पाहावी. दुसरा संशय अर्ध्यावर झाकण उघडण्याचा, कारण गार हवा लागली की न आळलेले बुडबुडे आकसतात.

उलट चूक केली असती तर? समजा मी सोड्याऐवजीही पावडरच घातली असती. मग दह्यातले आम्ल जिरवायला कुणीच नसते. केक बऱ्यापैकी फुगला असता, पण फिकट आणि आंबट लागला असता, कारण पावडरीतला सोडा स्वतःच्याच आम्लात गुंतलेला असतो, दह्याकडे बघायला त्याला सवड नसते. म्हणूनच कृतीत दोन्ही असतात. सोडा दह्याचा आंबटपणा मोडायला आणि थोडा रंग आणायला, पावडर भट्टीत शेवटचा जोर द्यायला. दह्याच्या जागी दूध घातले तर सोडा वगळायचा आणि पावडर वाढवायची, हे त्यावरून कुणी न सांगताही कळते.

घरी पावडर संपली असेल तर एक भाग सोडा, दोन भाग क्रीम ऑफ टार्टर आणि एक भाग कॉर्नफ्लोअर कोरडे कालवून काम भागते. क्रीम ऑफ टार्टर हे द्राक्षातले आम्ल, वाइनच्या पिंपांच्या आतून खरवडून काढलेल्या थरापासून तयार होणारे. ही पावडर एकेरी, बर्डच्याच जातीची, त्यामुळे केकचे भांडे लगेच आचेवर चढले पाहिजे.

एक फरक साठवणीचा. सोडा घट्ट झाकणाच्या बाटलीत वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्याच्याशी भांडायला आत कुणी नाही. पावडरमध्ये मात्र भांडणारे दोघेही एकाच घरात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ओला चमचा एकदा डब्यात गेला किंवा झाकण सैल राहिले की हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत हळूहळू फसफस होते आणि कळतही नाही. भुकटी तशीच पांढरी दिसते, जोर मात्र गेलेला असतो. तपासायला अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकावी. ताजी असेल तर जोरात फेसाळते. सोडा तपासायचा तर त्यावर लिंबू पिळावे.

त्या केकनंतर बऱ्याच वर्षांनी आईचे फडताळ आवरताना दोन्ही बाटल्या पुन्हा हाती लागल्या. एव्हाना मला वेगळे ओळखायची युक्ती ठाऊक झाली होती. दोन पेल्यांत साधे, गार पाणी घेतले आणि एकेक चमचा भुकटी टाकली. लेबलवाला सोडा न कुरकुरता विरघळला, पाणी स्वच्छ. चिमूटभर हळद टाकली तर ते लालसर नारिंगी झाले. बिनलेबलच्या बाटलीचे पाणी गढूळ झाले, स्टार्चचा पांढरा गाळ हळूहळू तळाशी बसला आणि हळद पिवळीच राहिली. म्हणजे ती बेकिंग पावडरच होती. पण एकही बुडबुडा आला नाही, गरम पाण्यात टाकली तरी नाही. त्या दिवशी ती कधीच मेली होती की नंतर मेली, हे आता सांगता येणार नाही. मी बाटली धुऊन पालथी घातली आणि आईने त्यात जिरे भरले.